एच-१बीवर नोकरी गेली : ६० दिवस कुठून मोजायचे आणि ट्रान्सफर त्यात कशी बसवायची

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-१बीवर आहे, पाच वर्षं झाली. २० फेब्रुवारी २०२६ ला कंपनीने लेऑफ सांगितला आणि त्याच दिवशी लॅपटॉप परत घेतला. पगार ६ मार्चपर्यंत चालू, त्यानंतर ८ आठवड्यांचा सेव्हरन्स एकरकमी. आय-९४ सप्टेंबरअखेरपर्यंत आहे, आय-१४० मंजूर होऊन वर्ष उलटलं. बायको एच-४ वर, मुलगा तिसरीत. पासपोर्टवरचा स्टॅम्प २०२३ मध्येच संपला. दोन कंपन्यांशी बोलणं चालू आहे. एक कन्सल्टन्सी म्हणते की लगेच फाईल करतो, खर्च तुम्ही द्या, प्रोजेक्ट मिळाला की पगार सुरू. आईचं पुण्याला गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मध्ये दोन आठवडे जाऊन यावं का? माझे ६० दिवस नक्की कधी संपतात? सेव्हरन्स संपल्यावर मोजायचे ना?

उत्तर :

नाही, सेव्हरन्स संपल्यावर मोजायचे नाहीत. हे आधीच सांगते, कारण याच समजुतीत लोकांचे सगळ्यात मोलाचे आठवडे हातातून जातात. मी इथे एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात एच-१बीच्या फाइली तयार करते. नोकरी गेलेली माणसं आमच्याकडे येतात तेव्हा पहिला अर्धा तास बहुतेक तारखांवरच जातो. तुमच्या बाबतीत खरी अडचण नवी नोकरी मिळेल की नाही एवढीच नाही. ती मिळाल्यावर कागद वेळेत सरकारदरबारी पोचतील का, ही आहे. या दोन गोष्टींमध्ये किती दिवस लागतात हे माहीत नसलं, तर हातात ऑफर असूनही माणूस अडकतो.

आधी ट्रान्सफर म्हणजे काय ते. आपण सगळेच ‘एच-१बी ट्रान्सफर’ म्हणतो, पण जुना परमिट एका कंपनीकडून दुसरीकडे सरकत नाही. नवी कंपनी तुमच्यासाठी स्वतःची, पूर्णपणे नवी पिटिशन टाकते. फरक दोनच. तुम्ही एकदा लॉटरीत मोजले गेला आहात, त्यामुळे पुन्हा लॉटरी नाही. (विद्यापीठात किंवा लॉटरीतून सूट असलेल्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्यांनी हे वाक्य स्वतःला लावू नये. तिथून खासगी कंपनीत जाताना लॉटरी लागू शकते.) दुसरा फरक २००० सालच्या कायद्याने दिलेला पोर्टेबिलिटीचा हक्क. नवी पिटिशन यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे पोचली की मंजुरीची वाट न पाहता नव्या कंपनीत काम सुरू करता येतं. मात्र पिटिशन खऱ्या नोकरीची हवी, ती टाकली त्या दिवशी तुमचा इथला मुक्काम अधिकृत हवा, आणि शेवटचं अमेरिकेत आल्यापासून तुम्ही परवानगीशिवाय कुठेही काम केलेलं नसावं.

ज्यांची नोकरी चालू आहे त्यांना यात गॅपचा प्रश्नच येत नाही. त्यांनी नवी पिटिशन पोचल्याची पावती आली की राजीनामा द्यावा, जमत असेल तर मंजुरीच येऊ द्यावी. तुमच्यासारख्यांसाठी मात्र ‘मुक्काम अधिकृत हवा’ हीच अट सगळं ठरवते, आणि तिथे ग्रेस पिरियड कामाला येतो.

हा ग्रेस पिरियड १७ जानेवारी २०१७ पासून नियमात आहे. त्याआधी नोकरी गेली की दुसऱ्या दिवसापासूनच स्टेटस गेलेलं धरायचे. आताचा नियम असा की नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सलग ६० दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ वरची मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्या तारखेपर्यंत, तुमचं स्टेटस टिकून आहे असं मानलं जातं. शनिवार-रविवार धरूनच ६०. मंजुरीच्या एका मुदतीत हे एकदाच मिळतं, म्हणजे नव्या कंपनीची पिटिशन मंजूर होऊन नवी मुदत सुरू झाली की पुढच्या वेळी पुन्हा हक्क मिळतो. या काळात इथे राहता येतं, काम करता येत नाही. जुन्या कंपनीने तुमची पिटिशन मागे घेतली तरी या दिवसांना धक्का लागत नाही. ती मागे घेणं ही कंपनीची जबाबदारीच असते, त्यामुळे तशी नोटीस आली म्हणून घाबरू नका.

आता तुमची तारीख. यूएससीआयएसचं म्हणणं असं की नोकरी संपल्याचा दिवस म्हणजे साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार दिला तो शेवटचा दिवस. सेव्हरन्स हा पगार नव्हे. तो एकरकमी मिळो की आठवड्या-आठवड्याने, त्याने नोकरी लांबत नाही. या हिशोबाने तुमची नोकरी ६ मार्चला संपते, ७ मार्च हा पहिला दिवस आणि ५ मे हा साठावा.

पण तुमच्या प्रकरणात एक गुंता आहे. २० फेब्रुवारीला लॅपटॉप घेतला, पगार मात्र ६ मार्चपर्यंत. या मधल्या दोन आठवड्यांत तुम्ही पगारावर आहात, पण काम करत नाही. ‘साधारणपणे’ या शब्दात अधिकाऱ्याला जागा आहे. काम थांबलं त्या दिवशीच नोकरी संपली असं तो म्हणू शकतो, आणि वकिलांमध्येही यावर एकमत नाही. तसं धरलं तर २१ फेब्रुवारी हा पहिला दिवस होतो आणि साठावा दिवस २१ एप्रिलला येतो. म्हणून माझं सांगणं असं : २१ एप्रिल हीच आपली तारीख समजून सगळं आखा. काही कारणाने तिच्यापुढे गेलात, तर ५ मेपर्यंत बाजू मांडायला आधार आहे, आणि त्यासाठी कंपनीचं पत्र लागेल. एचआरकडून ‘नोकरीचा शेवटचा दिवस ६ मार्च २०२६’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि त्या आठवड्याची पगाराची स्लिप जपून ठेवा. आत्ता मागितलंत तर मिळेल. दोन महिन्यांनी त्या एचआरच्या बाई तिथे असतीलच असं नाही.

आता २१ एप्रिलपासून उलटे येऊ. ६० दिवसांच्या आत काय व्हायला हवं? मंजुरी नव्हे, पिटिशन पोचायला हवी. पावतीवर जी पोचल्याची तारीख छापली जाते ती धरतात. ऐन शेवटच्या दिवशी कुरियर पोचावं असं कोणीच ठरवू नये, म्हणून सोमवारी २० एप्रिलला पोचेल असं धरू. त्यासाठी पॅकेट शुक्रवारी १७ तारखेला निघायला हवं. पिटिशनला श्रम खात्याने मंजूर केलेला एलसीए जोडावा लागतो. कोणत्या गावी, कोणत्या हुद्द्यावर, किमान किती पगारावर तुम्हाला ठेवणार हे त्यात कंपनी लिहून देते. श्रम खात्याला त्यासाठी कामाचे ७ दिवस लागतात आणि जादा फी भरून ते लवकर करून घेण्याची, म्हणजे प्रीमियमची, सोय तिथे नाही. म्हणजे एलसीए गुरुवारी १६ तारखेला हातात हवा असेल तर तो मंगळवारी ७ एप्रिलला भरलेला असायला हवा. आणि तो भरण्याआधी कंपनीच्या वकिलाला तुमची पदवी, कामाचं वर्णन, जुन्या मंजुऱ्या हे सगळं लागतं. मोठ्या कंपनीचं हे काम तीन-चार दिवसांत होतं. ज्या छोट्या कंपनीने आधी कधी एलसीए भरलेला नाही, तिचा कर-क्रमांक श्रम खातं आधी तपासतं आणि त्यात आणखी काही दिवस जातात.

या हिशोबाने लेखी ऑफर मार्चच्या अखेरीस हातात हवी. ६० दिवस म्हटलं की माणसाला वाटतं शोधायला दोन महिने आहेत. प्रत्यक्षात शोधायला साधारण साडेपाच आठवडे मिळतात, उरलेला काळ कागदांचा असतो. म्हणून दोन्ही कंपन्यांना पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीतच स्पष्ट सांगा की माझी पिटिशन अमुक तारखेच्या आत जावी लागेल. उमेदवार संकोचाने हे लपवतात आणि ऑफर आल्यावर सांगतात. तेव्हा कळतं की कंपनीची पार्श्वभूमी-तपासणीच तीन आठवडे चालते. ज्या कंपनीला एच-१बीची सवय आहे तिला ही अट नवी नसते. ती वकिलाला तपासणीच्या बरोबरीनेच कामाला लावते.

श्रम खातं ७ दिवसांत देतंच, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं तेव्हा एलसीए घेणंच थांबलं होतं. तसं पुन्हा झालं तर तुमच्या हातात काही नाही, आणि अशा वेळच्या उशिराकडे यूएससीआयएस वेगळ्या नजरेने बघू शकतं. चार-पाच दिवस राखून ठेवायचे ते यासाठीच.

पिटिशन पोचली की कायद्याने त्या दिवसापासून, किंवा पिटिशनमध्ये लिहिलेली सुरुवातीची तारीख नंतरची असेल तर तिच्यापासून, काम सुरू करता येतं. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या पावती हातात आल्यावरच रुजू करून घेतात. त्यात काही दिवस जातात, आणि ते गेले तरी चालतं, कारण पिटिशन वेळेत पोचलेली असते. प्रीमियमची जादा फी भरली तर यूएससीआयएस कामाच्या १५ दिवसांत निर्णय देतं किंवा आणखी कागद मागतं. तुमच्या जागी मी असते तर कंपनीकडे प्रीमियमचा आग्रह धरला असता. पोर्टेबिलिटीवर काम सुरू केलं आणि चार महिन्यांनी नकार आला, तर त्याच दिवशी काम थांबवावं लागतं, आणि परत जायला जुनी नोकरी नसते.

आता गॅप ६० दिवसांच्या पुढे गेला तर काय, हे नीट समजून घ्या. गेल्या वर्षापासून याचं वजन पार बदललं आहे. पिटिशनमध्ये कंपनी दोन गोष्टी मागते. एक, हे पद आणि हा माणूस एच-१बीला पात्र आहे. दोन, हा माणूस अमेरिकेतच आहे, तर त्याचा मुक्काम इथूनच वाढवा. अधिकारी पहिली गोष्ट मंजूर करून दुसरी नाकारू शकतो. पूर्वी असं झालं तर त्रास व्हायचा, पण मार्ग होता. मेक्सिको किंवा भारत गाठायचा, लागत असेल तर स्टॅम्प घ्यायचा, परत यायचं. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनंतर, जी २१ सप्टेंबरपासून लागू झाली, देशाबाहेर असलेल्या आणि चालू एच-१बी स्टॅम्प नसलेल्या माणसासाठीच्या नव्या पिटिशनवर १ लाख डॉलर भरावे लागतात. २० ऑक्टोबरला यूएससीआयएसने खुलासा केला. देशात राहूनच मुदतवाढ किंवा कंपनीबदल मागितला आणि तो तसाच मंजूर झाला, तर ही रक्कम लागत नाही. पण माणूस स्टेटसमध्ये नव्हता म्हणून मुदतवाढ नाकारली, तर लागते. नवी कंपनी तुमच्यासाठी १ लाख डॉलर भरेल अशी आशा मी कोणालाच दाखवत नाही. म्हणून ती घोषणा लागू आहे तोवर साठाव्या दिवसाआधी पिटिशन पोचणं हा तुमच्या पूर्ण प्रकरणाचा कणा आहे.

उशीर झाल्यावर अधिकाऱ्याने माफ करावा अशी विनंती करता येते. असाधारण, आपल्या हाताबाहेरचं कारण असेल तर तो माफ करूही शकतो. नोकरी मिळायला वेळ लागला हे कारण तेवढ्याने पुरेसं मानलं जाईल असं समजू नका.

यातूनच पुण्याचं उत्तर निघतं, आणि ते लिहिताना मला बरं वाटत नाहीये. आईच्या ऑपरेशनला मुलाने असावं यात गैर काय आहे? पण तुम्ही विमानात बसलात की ग्रेस पिरियड तिथेच संपतो. उरलेले दिवस परत आल्यावर मिळत नाहीत. तुमचा स्टॅम्प संपलेला आहे, म्हणजे परत यायला नवी पिटिशन आणि नवा स्टॅम्प दोन्ही लागणार, आणि तुम्ही बाहेर असताना टाकलेल्या पिटिशनवर वर सांगितलेली रक्कम येते. शिवाय डिसेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या वकिलातींमध्ये अनेकांच्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. दोन आठवड्यांची रजा म्हणून गेलेली माणसं तिकडेच अडकून पडली, बायकामुलं इकडे.

ऑपरेशन पुढे ढकलता येण्यासारखं असेल तर नवी पिटिशन मंजूर होईपर्यंत थांबा. नुसती पावती पुरेशी नाही. मुदतवाढीसह मंजुरी मिळाल्यावर बाहेर जाऊन त्याच पिटिशनवर स्टॅम्प मागितला, तर ती १ लाखाची रक्कम लागत नाही, हे यूएससीआयएसच्या खुलाशात आहे. स्टॅम्पच्या तारखेची अनिश्चितता तेव्हाही राहीलच, म्हणून जाण्याआधी नव्या कंपनीशी तिथून काम करता येईल का ते बोलून ठेवा. ऑपरेशन तातडीचं असेल आणि भाऊ-बहीण कोणी तिथे नसेल, तर तो निर्णय तुमचा. मी फक्त एवढंच सांगेन की जायचं ठरवलं तर अमेरिकेतली नोकरी सध्या सोडतो आहोत असं धरून जा आणि घराचा भाडेकरार, मुलाची शाळा, गाडी यांची व्यवस्था तशी करा.

कन्सल्टन्सीबद्दल. तिने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी नियमाविरुद्ध आहेत. एच-१बीची सरकारी फी आणि पिटिशनच्या वकिलाचा खर्च कंपनीने करायचा असतो. त्यातली प्रशिक्षण-निधीची फी तर कर्मचाऱ्याकडून कोणत्याही वाटेने वसूल करता येत नाही. आणि ‘प्रोजेक्ट मिळाला की पगार’ म्हणजे बेंचवर बिनपगारी बसवणं. कंपनीकडे काम नाही म्हणून तुम्ही बसून असाल, तरी एलसीएवर लिहिलेला पगार द्यावाच लागतो.

तुम्ही म्हणाल, कंपनीची चूक कंपनी भोगेल, माझे ६० दिवस तर वाचतील. तसं होत नाही. नियम मोडला कंपनीने, पण पुढची फाईल तुमची असते. पुढच्या ट्रान्सफरच्या किंवा मुदतवाढीच्या वेळी आम्ही सगळ्यात आधी पगाराच्या स्लिपा मागतो, कारण स्टेटस टिकवल्याचा पुरावा तोच. तिथे तीन महिने कोरे दिसले की अधिकारी विचारतो, या काळात तुम्ही काय करत होता? खरं सांगितलं तर स्टेटस मोडलेलं, आणि खोट्या स्लिपा लावल्या तर फसवणुकीचा शिक्का बसतो. तो ग्रीन कार्डच्या टेबलापर्यंत पाठ सोडत नाही. शिवाय अशी पिटिशन खऱ्या पदासाठी नव्हतीच असं ठरलं, तर पोर्टेबिलिटीचा पायाच जातो.

सगळ्याच कन्सल्टन्सी अशा नसतात, हे मुद्दाम सांगते. आमच्याकडे नीट पगार देणाऱ्या, क्लायंटचं पत्र जोडणाऱ्या छोट्या कंपन्याही येतात. ओळखायचं कसं? ऑफर लेटरमध्ये क्लायंट किंवा प्रकल्प, कामाचं ठिकाण आणि पहिल्या पगाराची तारीख लिहिली आहे का बघा. एलसीएची प्रत मागा. तुम्ही रुजू व्हाल त्या दिवसापर्यंत ती तुम्हाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तिच्यावरचा पगार आणि तोंडी सांगितलेला पगार जुळतो का ते पाहा. प्रत मागितल्यावर टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

समजा मार्च संपत आला आणि ऑफर नाही. तेव्हा काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्यासाठीचा अर्जही साठाव्या दिवसाआधीच पोचावा लागतो. एक वाट म्हणजे बी-२, म्हणजे पाहुण्याच्या स्टेटसमध्ये बदल मागणं. फॉर्म आय-५३९, त्यात बायको आणि मुलगाही येतात. अर्ज वेळेत टाकलेला आणि प्रलंबित असेल तोवर तुम्ही इथे राहू शकता. बी-२वर नोकरी शोधणं आणि मुलाखती देणं चालतं असं यूएससीआयएसने स्वतः सांगितलं आहे. काम करणं अजिबात नाही.

पण या वाटेची एक मर्यादा लोक विसरतात. बी-२चा अर्ज प्रलंबित असताना जूनमध्ये ऑफर आली आणि कंपनीने पिटिशन टाकली, तर ‘पावती मिळाली, काम सुरू’ हे चालत नाही. एच-१बीमधून तुम्ही बाहेर पडलेले असता, म्हणून पिटिशन आणि तिच्यासोबतचा स्टेटस-बदल दोन्ही मंजूर झाल्यावरच काम. आणि दरम्यान बी-२ नाकारला गेला तर स्टेटस-बदलही पडतो, मग पुन्हा देशाबाहेर जाण्याचा आणि त्या मोठ्या रकमेचा प्रश्न येतो. म्हणून बी-२ हा वेळ मिळवण्याचा मार्ग आहे, पण भक्कम नाही. ज्यांची बायको किंवा नवरा स्वतः एच-१बीवर आहे त्यांना एच-४ मध्ये जाणं यापेक्षा पुष्कळ सोपं पडतं. तुमच्याकडे ती सोय नाही.

तुमच्याकडे दुसरी एक गोष्ट मात्र आहे, आणि तिची किंमत तुम्हाला पूर्ण कळलेली नाही असं प्रश्नावरून वाटतं. ती म्हणजे मंजूर आय-१४०, कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी टाकलेली पिटिशन. मंजुरीला १८० दिवस उलटून गेलेले असले की जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी दोन गोष्टी तुमच्याच राहतात. तुमची प्रायॉरिटी डेट, आणि एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे मुदत वाढवून मिळण्याचा हक्क. भारतीयांची रांग लांब असल्यामुळे नवी कंपनी त्या जुन्या आय-१४०च्या आधारावर तुमच्यासाठी एकदम तीन वर्षं मागू शकते. पाच वर्षं संपलेल्या माणसाला घ्यायला कंपन्या कचरतात, त्यांना वाटतं वर्षभरातच हा जाणार. मुलाखतीत ही शंका आली तर त्यांच्या वकिलाला हे सांगायला सांगा. ग्रीन कार्डसाठी नव्या कंपनीला पर्म, म्हणजे श्रम खात्याची मंजुरी, आणि आय-१४० पुन्हा करावा लागेल, पण रांगेतली तुमची जागा जुनीच राहते.

यासाठी आय-१४०च्या मंजुरीची प्रत हवी, किमान त्याचा पावती क्रमांक तरी. अनेक कंपन्या ही प्रत कर्मचाऱ्याला देत नाहीत, कारण तो कागद कंपनीचा मानला जातो. ६ मार्चच्या आत एचआरला लिहा, नाही म्हणाले तर निदान क्रमांक मागा. त्याच मेलमध्ये शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२, आणि कोणतं काम किती काळ केलं याचं अनुभवपत्रही मागून घ्या. पुढच्या पर्मला अनुभवपत्राशिवाय अडतं, आणि गेलेल्या कंपनीकडून ते मिळवणं फार जिकिरीचं होतं.

मंजूर आय-१४० असलेल्यांसाठी बिकट परिस्थितीतलं वर्क परमिट म्हणून आणखी एक मार्ग आहे, ग्रेस पिरियडमध्येच अर्ज करून. घरातलं गंभीर आजारपण, मुलाच्या शिक्षणाचं मोठं नुकसान अशी कारणं कागदांनिशी दाखवावी लागतात. मिळालं तर कोणाकडेही काम करता येतं, पण तुम्ही एच-१बीच्या बाहेर जाता आणि परत यायला पुन्हा देशाबाहेरून यावं लागू शकतं. आज ती वाट नको. एप्रिलच्या सुरुवातीला हातात काही नसेल तेव्हा वकिलासमोर बसून विचार करा.

बायको आणि मुलगा तुमच्या स्टेटसला बांधलेले आहेत. तुमच्या ६० दिवसांत तेही सुरक्षित, तुमची पिटिशन वेळेत गेली तर तेही. त्यांचे आय-९४ मात्र वेगळे असतात आणि तारखा वेगळ्या असू शकतात. आज रात्रीच सीबीपीच्या संकेतस्थळावर तिघांचे काढून पाहा. प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट लवकर संपत असेल तर अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आणि मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात. एखाद्याची तारीख ऑगस्टच्या आत असेल तर नव्या पिटिशनसोबतच त्यांचा आय-५३९ टाकायला कंपनीच्या वकिलाला सांगा.

नवी कंपनी मंजुरीचा कागद पाठवेल तेव्हा सगळ्यात आधी खालचा भाग बघा. तो आय-७९७ए असेल आणि खाली फाडून घ्यायचा नवा आय-९४ जोडलेला असेल, तर मुदतवाढ इथूनच मिळाली. त्यावरची तारीख पासपोर्टसोबत ठेवा. तो आय-७९७बी असेल आणि आय-९४ नसेल, तर पिटिशन मंजूर झाली पण मुक्काम वाढला नाही. वरवर दोन्हीवर ‘मंजूर’च लिहिलेलं असतं, म्हणून लोक पेढे वाटतात आणि कामावर जात राहतात. असा कागद आला तर त्याच दिवशी वकिलाला फोन करा, त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत कामावर जाऊ नका, आणि कोणी ‘बाहेर जाऊन या’ म्हटलं म्हणून लगेच तिकीट काढू नका. चूक यूएससीआयएसची असेल तर ती दुरुस्त करून घेता येते, पण त्यासाठी तुम्ही देशात असायला हवं.